'धंदा बंद करा' म्हणणाऱ्या वाचकास : नडगीवरच्या डागांबद्दल

"मॅडम, नडगीवरच्या डागांचा लेख वाचला. माझ्या बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे, दोन्ही पायांवर तपकिरी डाग आहेत आणि त्यांचं एचबीए१सी ६.८ आहे. कंट्रोल इतका चांगला, मग डाग कशाचे? शुगर नसलेल्यांनाही असे डाग असतात. वर फोटो पिवळ्या चट्ट्याचा आणि मजकूर डागांचा. गूगलवरून उचलायचं, लोकांना घाबरवायचं आणि तपासण्या लिहून द्यायच्या, हा धंदा बंद करा."

भाऊ, तुम्ही नाव लिहिलं नाहीत, म्हणून भाऊच म्हणते.

फोटोचं तुमचं खरं आहे. पिवळ्या चट्ट्याचा फोटो डागांच्या परिच्छेदाला लागला. रात्री साडेदहाला दवाखाना आवरून लिहायला बसलं की असं होतं. तरी चूक ती चूक. एवढं मान्य.

आता 'गूगलवरून उचलायचं'. मी १९९६ साली आपल्या नागपूरच्या मेडिकलच्या स्किन ओपीडीत लाकडी बाकावर बसून पहिल्यांदा या नडग्या पाहिल्या. तेव्हा गूगल जन्माला यायचं होतं. आमचे सर पेशंटला खिडकीपाशी उभं करायचे, पाय उजेडात तिरपा धरायला लावायचे आणि आम्हाला विचारायचे, "चमकते का?" उत्तर देण्याआधी बोट फिरवून बघावं लागायचं. त्या बाकावरची सव्वीस-सत्तावीस पोरं आज विदर्भभर प्रॅक्टिस करतात. त्यांच्यापैकी कुणी मला 'उचलायचं' म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. ज्याने स्वतःच्या बाबांच्या पायावर बोट फिरवून पाहिलं की नाही तेही लिहिलेलं नाही, त्याच्याकडून ऐकायला जरा जड जातं बाप्पा.

असो. मुद्द्याचं तुमचं एकच वाक्य आहे, ६.८ चं. त्याचं सविस्तर उत्तर देते, कारण हाच गैरसमज दर आठवड्याला माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो.

एचबीए१सी म्हणजे लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचं माप. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो, त्याआधीचा नाही. बाबांचं आजचं ६.८ म्हणजे या दोन-तीन महिन्यांचा हिशोब. त्याआधीच्या अकरा वर्षांत ते ९ होतं की १०, ते या कागदावर कुठेच नाही.

नडगीवर मात्र ते उतरलेलं असू शकतं. बरीच वर्षं साखर चढी राहिली की केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि कमकुवत होतात. त्यातून लाल पेशी थोड्या थोड्या बाहेर झिरपतात. त्यांच्यातलं लोह कातडीत अडकून राहतं आणि त्याच्या जोडीला कातडीचा स्वतःचा काळा रंगही वाढतो. तूरडाळीच्या दाण्यापासून ते नखाएवढ्या आकाराचा, गोल किंवा लांबट, किंचित खोलगट तपकिरी डाग पडतो तो असा. खाज नाही, दुखत नाही, कोंडा निघत नाही. एकेक डाग दीड-दोन वर्षांत फिका होतो, तोवर शेजारी दुसरा आलेला असतो. म्हणून घरच्यांना वाटतं की 'बारा वर्षांपासून तेच डाग आहेत'. ते तेच नसतात. पलंगाला ठेचल्याने आले असं बहुतेक पेशंट सांगतात, पण कधी ठेचलं ते विचारलं की आठवत नाही.

याचं वर्णन १९६४ साली मेलिन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी केलं. पुढे लोकांच्या लक्षात आलं की ज्यांच्या नडगीवर असे डाग भरपूर असतात, त्यांच्या डोळ्याच्या पडद्यात, किडनीत आणि पायाच्या नसांमध्ये बिघाड जास्त वेळा सापडतो. म्हणजे डागामुळे डोळा बिघडतो असं नाही. बारीक रक्तवाहिन्या तिकडेही आहेत आणि इकडेही आहेत, फक्त इकडच्या उघड्या डोळ्यांना दिसतात. डाग असलेल्या प्रत्येकाचा पडदा खराब असतो असंही नाही. मी तसं लिहिलेलंही नव्हतं, परत एकदा वाचून बघा.

आता घरचं सांगते, म्हणजे पुस्तकी बोलते असं वाटणार नाही. आमचे बाबा रेल्वेतले, अजनीच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. २००९ साली त्यांच्या डाव्या नडगीवर पाच आणि उजवीवर चार डाग होते. शुगर पंधरा वर्षांची. त्या वर्षी इन्सुलिन सुरू होऊन एचबीए१सी ६.६ वर आलं होतं आणि मी नातेवाइकांना फोन करून आकडा सांगत होते. बाबांनी लुंगी वर करून विचारलं, "हे काय आहे गं?" मी स्किनची डॉक्टर, बघितलं आणि म्हणाले, "काही नाही, शुगरचे डाग आहेत, याला औषध लागत नाही." ते खरंच होतं. डागांना औषध लागत नाही. पण डोळे दाखवले का, हे मी विचारलं नाही. आठ महिन्यांनी सकाळी पेपर वाचताना ते म्हणाले, ओळी वाकड्या दिसतात. धंतोलीत डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली तर दोन्ही पडद्यांवर रक्ताचे ठिपके आणि मध्यभागी सूज. लेझर झालं. एका डोळ्याचं बारीक अक्षर परत आलं नाही. ६.६ तेव्हाही कागदावर होतंच. त्यामुळे ६.८ दाखवून कुणी मला गप्प करायला लागलं की मला राग येतो, आणि तो राग या उत्तरातही दिसत असेल.

'तपासण्या लिहून द्यायच्या' हे तर वाचवलं नाही. कोणत्या तपासण्या लिहिल्या मी? थेंब टाकून पडद्याची तपासणी, लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, आणि पायाला १० ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्याने दाबून संवेदना बघणं. पहिल्या दोन माझ्याकडे होतच नाहीत, तिसरीचे मी पैसे घेत नाही. धंदा करायचा असता तर डाग उजळायचं क्रीम विकलं असतं, त्याला गिऱ्हाईक भरपूर आहे. मी तर लिहिलं की यांना क्रीम नको, लेझर नको, आणि नडगीचा तुकडा काढून तपासायलाही उगाच जाऊ नका, कारण शुगरवाल्याची तिथली जखम भरायला फार वेळ घेते.

शुगर नसलेल्यांना डाग असतात? एखाद-दोन असतात. चार किंवा जास्त दिसले तर शुगर तपासून घ्यावी. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

पिवळ्या चट्ट्याची गोष्ट वेगळी आहे, आणि फोटोची चूक मला सलली ती यासाठी. तो डागांचा मोठा भाऊ नाही. तो दुसराच आजार आहे, नाव नेक्रोबायोसिस लिपॉइडिका. शुगर असलेल्या हजारात तीनेक जणांना होतो, बायकांना जास्त. इथे आत कोलाजेनच खराब होतं आणि भोवती सूज राहते. उजेडात पाय तिरपा धरला की मधला भाग मेण चोपडल्यासारखा चमकतो, पिवळट, खाली बसलेला, त्यातून लाल केशवाहिन्यांची जाळी दिसते, आणि कड तांबूस-जांभळी, जराशी उंच. याचं दुखणं असं की कातडी कागदासारखी पातळ होते आणि साधारण तिघांतल्या एकाला तिथे जखम होते.

नंदनवनातली एक बाई माझ्याकडे आली, वय ३४, लहानपणापासून इन्सुलिनवर. दोन्ही नडग्यांवर तळहाताच्या निम्म्याएवढे चट्टे. गजकर्ण समजून दहा महिने दुकानातली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब तिने चट्ट्याच्या मध्यभागी चोळली होती. गजकर्ण असतं तर खाज आली असती, कडेला कोंडा असता. इथे दोन्ही नव्हतं, आणि खरवडून पाहिलं तर बुरशीही नव्हती. कापसाचा बोळा मध्यावर फिरवला तर तिला कळलाच नाही, कडेला कळला. स्टिरॉइडने आधीच पातळ असलेला मधला भाग आणखी पातळ झाला. त्यात स्कूटीचं स्टँड लावताना खरचटलं. ती जखम भरायला सात महिने गेले, रोज ड्रेसिंग. भरल्यावर मी स्टिरॉइडची सुई फक्त उंच कडेत दिली, मध्यभागी नाही, कारण आजार चालू असतो तो कडेला, मधे उरतो तो त्याचा व्रण. कड पसरायची थांबली. चट्टा अजून आहे आणि तो राहणार.

आणि ऐका, तिचं एचबीए१सी ९.४ वरून ७.१ वर आलं, चट्ट्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पिवळा चट्टा साखरेच्या आकड्याबरोबर हलेलच असं नाही, तो कधी शुगर सापडायच्या आधीही येतो आणि शुगर नसलेल्यालाही येतो. म्हणजे तुमचं 'मग डाग कशाचे?' तुम्ही या चट्ट्याबद्दल विचारलं असतंत तर मी निम्मं मान्य केलं असतं. तुम्ही विचारलंत ते तपकिरी डागांबद्दल.

फोटो आज सकाळी बदलला. तुमची कमेंटही ठेवली आहे, 'धंदा'सकट. त्यात बाबांचा एचबीए१सी आहे, डाग आहेत, बारा वर्षं आहेत. त्यांच्या डोळ्यात थेंब टाकून पडदा शेवटचा कधी तपासला, ते नाही. पुढच्या कमेंटमध्ये तेवढी तारीख लिहा.