तारेचं वजन, दुपारचं ऊन आणि एक प्रतिक्रिया

वाचकाची प्रतिक्रिया: "सर, ३ मीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड पोलादी तारेला १० किलो टांगलं की ती ०.४७ मिलिमीटर वाढते, हे तुमचं गणित अपुरं आहे. तारेचं स्वतःचं वजन तुम्ही धरलंच नाही, ते भारात मिळवायला हवं होतं. तार ताणली की बारीक होते तेही विसरलात. १० किलो हे बल नसतं, एवढं तरी लिहिताना बघावं. आकृतीही नाही. असलं अर्धवट वाचून पोरं नापास होतात. आधी शिका, मग शिकवा. — एक अभियंता"

उत्तर:

नमस्कार.

एक गोष्ट आधी मान्य करतो. "१० किलो बल" असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. १० किलो हे वस्तुमान आहे आणि त्याची ओढ सुमारे ९८ न्यूटन. गणित मी ९८ न्यूटन धरूनच केलं होतं, म्हणून उत्तर बदलत नाही. पण शब्द चुकला होता, तो आज दुरुस्त केला. आभार.

आता "आधी शिका, मग शिकवा" याबद्दल. चूक दाखवणारा माणूस मला कधीच परका वाटला नाही. पण चूक दाखवणं वेगळं आणि समोरच्याला दारातून हाकलणं वेगळं. तुम्ही अभियंता आहात असं लिहिता. मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला आहे. ७२ च्या दुष्काळात माझे वडील विहिरीच्या कामावर यारीवर होते. खालून भरलेलं घमेलं वर येताना तारदोर आधी थोडा ताणला जातो आणि मगच घमेलं जमीन सोडतं, हे मी यंगचा गुणांक हा शब्द ऐकायच्या कितीतरी आधी पाहिलंय. पुढं सत्तावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली किती मुलं आज तुमच्यासारखी अभियंता आहेत, ते मोजत बसणार नाही. पण हे वाक्य एकाही मुलाला मी कधी बोललो नाही. तुम्ही ते एका अनोळखी माणसाला, तेही चारचौघात बोललात.

असो. तुमच्या एका वाक्याला पूर्ण उत्तर द्यायला हवं, कारण ते ऐकायला फार बरोबर वाटतं आणि वाचणाऱ्या मुलांच्या मनात ते घर करेल. वाक्य असं: "तारेचं स्वतःचं वजन भारात मिळवायला हवं होतं."

आधी लेखातलं गणित पुन्हा मांडतो. २ मिलिमीटर व्यासाच्या तारेचं काटछेदाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिलिमीटर. ९८ न्यूटनला त्यानं भागलं की प्रतिबल, म्हणजे मुलांचा स्ट्रेस, येतं ३१.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. पोलादाचा यंगचा गुणांक, म्हणजे ताणायला ते किती कठीण याचं माप, साधारण २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. हा आकडा डोक्यात बसवायचा असेल तर असं बघा: एक चौरस मिलिमीटरच्या तारेला २०० न्यूटन, म्हणजे साधारण वीस किलो टांगले तर दर मीटरला एक मिलिमीटर वाढ होते. आपल्या तारेत ३१.२ ला २ लाखांनी भागलं की विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या मानानं झालेली वाढ, ०.०००१५६ येते. ती ३ मीटरला लावली की ०.४७ मिलिमीटर.

आता तारेचं वजन. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, म्हणजे ही ३ मीटर तार भरते ७४ ग्रॅम. ते १० किलोत मिळवा, असं तुमचं म्हणणं. इथंच पहिली गफलत आहे. खाली टांगलेलं १० किलो तारेच्या प्रत्येक कणाला सारखंच ओढतं. तारेचं स्वतःचं वजन तसं ओढत नाही. अगदी खालच्या टोकाला त्याच्याखाली तारच नाही, म्हणून तिथं तारेच्या वजनाचा ताण शून्य. मधोमध अर्ध्या तारेचा, आणि वरच्या आढ्याला पूर्ण ७४ ग्रॅमचा. वाढ काढताना या सगळ्याची सरासरी लागते, म्हणून वजन निम्मंच धरायचं: ३७ ग्रॅम. त्यातून येणारी वाढ आहे ०.००१७ मिलिमीटर. तार तुटेल का हे बघायचं असेल तर मात्र पूर्ण वजन धरा, कारण ती वरच्या टोकाला तुटेल. वाढीला निम्मं, तुटण्याला पूर्ण. हा फरक तुमच्या वाक्यात नाही.

याच हिशोबात एक गोष्ट दडलेली आहे, ती मला फार आवडते. तारेच्या स्वतःच्या वजनानं होणारी वाढ जाडीवर अवलंबूनच नसते. तार दुप्पट जाड केली तर वजन चौपट होतं, पण क्षेत्रफळही चौपट होतं, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून साध्या पोलादाची तार, बारीक असो की जाड, फक्त स्वतःच्या वजनानं कायमची ताणायला लागेल ती सुमारे सव्वातीन किलोमीटर लांबीला. साध्या पोलादाची सहनमर्यादा २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरून हा आकडा येतो.

पण ०.००१७ मिलिमीटरची तरी चूक माझ्या उत्तरात आहे का? नाही. लेखातला प्रश्न होता, "वजन टांगल्यावर तार किती वाढली?" तार आढ्याला लावली तेव्हाच ती स्वतःच्या वजनानं वाढून बसली. आपण शून्य वाचतो ते त्यानंतर. १० किलो लावल्यावर ती जुनी वाढ जशीच्या तशी आत राहते, आणि लवचीकतेच्या मर्यादेत ही एक वाढ दुसरीला धक्का लावत नाही. म्हणजे आपण मोजतो त्या फरकात तारेचं वजन येतच नाही. निम्मंही नाही.

ते केव्हा येतं, तेही सांगतो. आमच्याकडं बोअर सहाशे फुटांवर जातात. समजा तुम्ही अशीच तार जमिनीवर आडवी ठेवून १८० मीटर मोजली, आणि खाली १० किलोचा लंगर बांधून बोअरमध्ये सोडली. लंगर नेमका किती खोल गेला, हा तुमचा प्रश्न. लंगरामुळं वाढ २८ मिलिमीटर. तारेचं स्वतःचं वजन आता साडेचार किलोच्या आसपास, आणि त्याची वाढ आणखी सव्वासहा मिलिमीटर. इथं ती धरायलाच हवी, कारण लांबी आडवी मोजली होती. शिवाय लांबी साठपट झाली की ही वाढ साठाच्या वर्गानं, म्हणजे ३६०० पट वाढते. तुमचं वाक्य या प्रश्नाला लागू पडतं, फक्त निम्म्या वजनासह. माझ्या प्रश्नाला नाही. (आणि तारदोरासाठी हा २ लाखांचा गुणांक वापरू नका. पिळाचे पदर आधी एकमेकांवर बसतात, म्हणून दोर सलग तारेपेक्षा बराच जास्त वाढतो.)

खरी चूक कुठून येते, ते मी माझ्या प्रयोगशाळेत भोगलंय. नोकरीच्या सुरुवातीला मी एका पत्र्याच्या खोलीत शिकवायचो. तारेची वाढ मोजायचं दोन तारांचं सर्लचं उपकरण मागितलं, मिळालं नाही. मग एकच तार वाशाला टांगली आणि खाली व्हर्निअर लावला. मे महिना होता. सकाळी शून्य वाचलं, वजनं चढवली, सगळं सुरळीत. दुपारी वजनं उतरवली तर तार मूळ जागी येईना. जवळजवळ अर्धा मिलिमीटर खाली राहिली. एक मुलगी म्हणाली, "सर, तार कायमची ताणली." मीही आधी तेच धरून चाललो. पण १० किलोनं पडणारं ३१ चं प्रतिबल कुठं आणि २५० ची मर्यादा कुठं! ही तार कायमची ताणायला ऐंशी किलो लागले असते. मग भिंतीवरचा थर्मामीटर बघितला. सकाळचे ३० अंश दुपारी ४२ झाले होते. पोलाद दर अंशाला दर मीटरमागं ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ३ मीटर, १२ अंश: ०.४३ मिलिमीटर. म्हणजे १० किलो टांगल्यावर होते जवळजवळ तेवढीच वाढ नुसत्या उन्हानं केली होती. तुम्ही ज्या तारेच्या वजनासाठी मला शिकायला पाठवता, त्याच्या अडीचशे पट.

संध्याकाळी खोली निवली आणि तार आपोआप मूळ जागी आली. कायमची ताणलेली तार तशी परत येत नाही. दोन्हींतला फरक असा ओळखायचा.

सर्लच्या उपकरणात म्हणूनच शेजारी-शेजारी दोन तारा असतात, एकाच धातूच्या, एकाच आधाराला टांगलेल्या. एकीवर वजन बदलत जायचं, दुसरीवर ठरावीक वजन ठेवून ती फक्त ताठ ठेवायची. ऊन दोघींना सारखं लागतं, वासा वाकला तर दोघी सारख्या खाली येतात, आणि पाणसळीच्या आधारानं आपण फक्त दोघींतला फरक वाचतो. पुढच्या वर्षी मी तशी दुसरी तार स्वतःच लावली. वाशाचं वाकणंही मला तेव्हाच कळलं. त्या आधी मी ते तारेच्या खात्यात मांडत होतो.

तार बारीक होण्याबद्दल: या भारानं व्यास मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतका घटतो. स्क्रूगेज ०.०१ च्या खाली वाचत नाही. विषय संपला. उलट व्यास मोजतानाच ०.०२ चुकलात तर उत्तर दोन टक्क्यांनी हलतं, म्हणून तो तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजायचा असतो. त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. आकृतीचं नंतर बघू.

पोरं नापास होतात, हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. माझ्या वर्गात ज्यांना हा प्रयोग जमला नाही, त्यांचा बहुतेकदा एकच घोळ असायचा. तारेला पडलेले बाक पहिल्या एक-दोन किलोनं सरळ होतात. ते सरळ होणं ही मुलं वाढ म्हणून लिहून टाकायची आणि आलेखाची सुरुवात वाकडी यायची. तार ताठ होईपर्यंत आधी वजन ठेवायचं आणि तिथून शून्य धरायचं. मग वजन चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा वाचायचं. दोन्ही वाचनं जुळत नसतील तर तार चिमट्यात सरकतेय किंवा खोली तापतेय. हे त्यांना पुन्हा पुन्हा करून दाखवायला मी सुट्टीच्या दिवशी खोली उघडायचो.

लेखात न्यूटनची ओळ बदलली आहे. तारेच्या वजनाची ओळ घातलेली नाही आणि घालणारही नाही. तापमानाचा एक परिच्छेद मात्र आज रात्री वाढवतो. तो मुळातच असायला हवा होता, आणि ते तुमच्याही नजरेतून सुटलं.