नोटीस काढताय? मग ती चुकूनही वाचून बघू नका

सोसायटीची नोटीस लिहिणं ही कला आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर ती युद्धकला आहे. पारा ४५ ला टेकलेला, कूलरच्या टाकीत बोटभर पाणी, आणि ग्रुपवर येऊन पडतं ते हे:

"उपरोक्त विषयास अनुसरून सर्व सदनिकाधारकांना कळविण्यात येते की, इमारतीच्या गच्चीवरील टाकीच्या साफसफाईच्या कामाच्या अनुषंगाने शनिवारी रात्री १२ वाजल्यापासून काम पूर्ण होईपर्यंत पाणीपुरवठा बंद राहणार असून सर्वांनी आवश्यक तेवढा पाणीसाठा करून ठेवावा व या कालावधीत मोटार चालू करू नये याची कृपया नोंद घ्यावी."

वा! अशी नोटीस तुम्हालाही काढायची असेल, तर पुढचे नियम पाळा.

पहिला नियम, मोठ्याने वाचू नका. लिहून झालं की डोळ्यांनी एकदा वरून खाली घसरा आणि पाठवा. डोळे तुमचेच आहेत, ते तुम्हाला दगा देणार नाहीत. तुमच्या मनात काय आहे हे त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे गळलेला शब्द ते स्वतःच भरून घेतात आणि दोनदा पडलेला शब्द एकदाच बघतात. तोंड मात्र चुगलखोर. त्याला कागदावर आहे तेवढंच म्हणता येतं. वरची नोटीस उभं राहून, शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला घ्या. "इमारतीच्या, टाकीच्या, साफसफाईच्या, कामाच्या" इथे जीभ चार च्या-च्यांवरून अडखळते. "राहणार असून" येईपर्यंत श्वास संपतो, आणि अजून सतरा शब्द बाकी असतात. एका वाक्यात बेचाळीस शब्द. त्यात "पाणीपुरवठा" हा शब्द बाविसावा. म्हणजे काय बंद होणार हे कळायच्या आधी माणसाने एकवीस शब्द गिळायचे. मोठ्याने वाचलंत तर हे सगळं अर्ध्या मिनिटात उघडं पडेल आणि एका वाक्याची पाच वाक्यं करावी लागतील. कशाला उगाच?

वाचायचंच असेल तर वाचता वाचता दुरुस्तही करत जा. छापून घेऊन, जीभ अडखळली तिथे पेन्सिलने नुसती रेघ मारायची, न थांबता शेवटपर्यंत जायचं आणि मग दुरुस्त्यांना बसायचं, ही रिकामटेकड्यांची पद्धत. पहिल्याच ओळीत रुतून बसलात की शेवटची ओळ वाचायची वेळच येत नाही, आणि मोटारीचं वाक्य तिथेच तर आहे. कोणती मोटार? घरची, की खालची सामाईक? जाऊ द्या.

दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेणं तर त्याहून धोक्याचं. तुम्ही वाचताना जोर कुठे द्यायचा हे तुम्हाला ठाऊक असतं, आवाजाच्या चढउतारात वाक्याचं लंगडेपण झाकलं जातं. दुसरा माणूस चुकीच्या शब्दावर जोर देतो, परत मागे जातो आणि कपाळाला आठ्या घालतो. अपमान आहे हा.

कानावर पूर्ण विश्वास ठेवा. शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, पण बोलताना दोन्ही सारखीच ऐकू येतात, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाची चूक कान पकडणार नाही. तारीख आणि वार जुळत नसेल तरी वाक्य कसं गोड वाजतं! कॅलेंडर उघडायची काही गरज नाही, फोन नंबर तर तपासूच नका.

आता मुख्य गोष्ट. "शनिवारी रात्री १२". हे कितीही मोठ्याने वाचा, गच्चीवर जाऊन ओरडा, कानाला काही खटकणार नाही, कारण वाक्य अगदी बरोबर आहे. फक्त त्याला दोन अर्थ आहेत. घड्याळाच्या हिशेबाने शनिवार लागतो तो शुक्रवारची रात्र १२ वर गेल्यावर. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, आणि घरोघरी बोलण्यातही तसंच चालतं, त्यामुळे बहुतेकांची "शनिवारची रात्र" शनिवारचं जेवण आटोपल्यावर येते. दोघांत सरळ चोवीस तासांचा फरक! रेल्वेच्या तिकिटावर ००:१५ बघून एक दिवस उशिरा स्टेशनवर पोहोचणारी माणसं काय अडाणी असतात? ५० लिटरचा कूलर भरायचा, पिण्याचं भरायचं, बाथरूमचं पिंप भरायचं, ते शुक्रवारी की शनिवारी? लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडूच शकत नाही, कारण प्लंबर कधी येणार हे त्याला ठाऊक आहे! ज्याला ठाऊक नाही असा एकच माणूस ही चूक पकडू शकतो, आणि त्यालाच विचारायचं नाही असं तुम्ही ठरवून बसला आहात!

असो. सल्ले देत होतो. वाचक निवडायचाच तर कमिटीतलाच निवडा. त्याला सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळे तो हमखास "झकास आहे भाऊ" म्हणतो.

त्याच्या शेजारी बसा आणि तो वाचत असतानाच समजावून सांगा.

शेवटी "समजलं नं?" असं विचारा. याला "नाही" म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

पुरे झाला उपरोध. काय करायचं ते सरळ सांगतो. पहिल्या मजल्यावर काकू राहतात. त्यांना कागद द्या आणि एवढंच म्हणा, "हे वाचा आणि तुम्ही काय कराल ते सांगा." मग गप्प बसा. त्यांची नजर कुठून परत वर जाते ते बघा. त्या म्हणतील, "पाणी भरून ठेवीन." विचारा, कधी? "शनिवारी संध्याकाळी नं. काऊन?" तुमच्या मनात शुक्रवार असेल, तर नोटीस तिथेच नापास झाली. त्यांनी "सुरू कधी होईल?" विचारलं, तर उत्तर त्यांच्या कानात सांगू नका. कागदावर लिहा, कारण बाकीच्या चाळीस घरी तुम्ही कागदासोबत जाणार नाही आहात. काकूंनी वाक्य कसं बदलावं तेही सुचवलं, तर ऐकून घ्या, पण त्या कुठे अडल्या ते जास्त महत्त्वाचं. सुधारलेला कागद त्यांनाच परत दाखवू नका. त्यांना आता सगळं ठाऊक झालं, दुसऱ्या फेरीला तिसऱ्या मजल्यावर जा. आणि एक माणूस कुठेच अडला नाही, म्हणून सगळ्यांना कळेल असंही धरून चालू नका. एकाकडून मोठी भोकं सापडतात, बारीक नाहीत.

एवढं केलं असतं तर नोटीस अशी निघाली असती:

"शुक्रवारी रात्री ११ वाजता पाणी बंद होईल. शनिवारी दुपारी २ वाजता सुरू होईल. गच्चीवरची टाकी धुवायची आहे. शुक्रवारी संध्याकाळीच पिण्याचं पाणी आणि कूलर भरून घ्या. पाणी बंद असेपर्यंत खालची सामाईक मोटार कोणीही लावू नका."

बारा वाजताची भानगडच नको म्हणून अकरा. उपरोक्त नाही, अनुषंग नाही. पाच मिनिटांचं काम होतं हो! ते तुम्हाला जड गेलं, म्हणून अर्धी बिल्डिंग शनिवारी सकाळी कोरड्या नळाखाली बादली धरून उभी होती, आणि तुम्ही ग्रुपवर लिहिता, "नोटीस नीट वाचत जा." तुम्ही वाचली होती का?