एका ग्राहकाच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

“नफा-तोट्याचा चाळीस ओळींचा तक्ता दिला होता. स्लाइडवर सातच ओळी आल्या, त्यातही एकच ठळक. बँकेसमोर अर्धवट माहिती ठेवायची का? एक्सेल जशीच्या तशी चिकटवली असती तरी चाललं असतं.”

नमस्कार सर,

सात ओळींत एकही रुपया गाळलेला नाही. भाडं, वीज, वाहतूक अशा किरकोळ ओळी ‘इतर खर्च’मध्ये मिळवल्या आहेत. त्यामुळे विक्रीतून खर्च वजा करत खाली गेलात की करपूर्व नफा तुमच्या मूळ शीटशी जुळतो. हा ताळा आम्ही प्रत्येक फाइलला लावतो, कारण बेरीज जुळली नाही तर बँकेचा अधिकारी पुढचं काही ऐकत नाही.

रुंद स्लाइडची उंची ५४० पॉइंट असते. शीर्षक आणि कडा सोडल्या तर तक्त्याला ४०० च्या आसपास उरतात. चाळीस ओळी बसवल्या की एका ओळीला १० पॉइंट, म्हणजे अक्षर जेमतेम ८ पॉइंटचं. मीटिंगच्या टेबलाच्या पलीकडून ते वाचता येत नाही.

ठळक ओळ कोणती, हे ठरवण्यातच खरा वेळ जातो. तुमचे आकडे इथे उघड करणं योग्य नाही, म्हणून काल्पनिक घेतो. विक्री १५.२० कोटींवरून १८.४० कोटींवर गेली, म्हणजे २१ टक्के वाढ. पण कच्चा माल ९.१२ वरून ११.९६ कोटींवर गेला. ढोबळ नफा ६.०८ वरून फक्त ६.४४ कोटी झाला आणि त्याचं विक्रीशी प्रमाण ४० वरून ३५ टक्क्यांवर आलं. बँक नेमकं हेच विचारणार. म्हणून ढोबळ नफ्याच्या ओळीला फिकट निळी पट्टी, बाकी ओळी करड्या पण वाचता येतील अशा, आणि शीर्षकातच ‘विक्री वाढली, कच्च्या मालाने नफ्याचं प्रमाण घटवलं’. पिवळी पट्टी मुद्दाम टाळली, कारण प्रोजेक्टरवर ती बऱ्याचदा दिसतच नाही. दोन-तीन ओळी ठळक केल्या असत्या, तर नजर कुठेच ठरली नसती.

एक्सेल जशीच्या तशी चिकटवण्यात मला सर्वात मोठी काळजी वेगळीच वाटते. तक्ता एक्सेल ऑब्जेक्ट म्हणून एम्बेड झाला, तर त्याच्यासोबत अख्खी वर्कबुक प्रेझेंटेशनमध्ये जाते. समोरच्याने तक्त्यावर डबल-क्लिक केलं की बाकीच्या शीटही उघडतात. तुमच्या फाइलमध्ये पगाराची शीट होती, सर. ती बँकेच्या मेलबॉक्समध्ये जाऊ नये, म्हणून तक्ता पॉवरपॉइंटमध्येच नव्याने बांधला.

कर्जाच्या छाननीला पूर्ण तक्ता लागतोच, तिथे सात ओळींवर भागत नाही. म्हणून चाळीसही ओळींची वेगळी पीडीएफ तुमच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे; ती छापून हातात द्या. वेगळी ओळ ठळक हवी असेल तर कळवा, जादा पैसे न घेता बदलून देतो.