खुलासा : कायम झालेल्या इतिवृत्तातील चूक

“इतिवृत्त कायम झाल्यावर चूक दिसली, तर सचिवांनी मूळ नोंद खोडून योग्य आकडा लिहावा व सही करावी.”

असा संदेश फिरत आहे; तो बरोबर नाही. कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या सभांसाठीचे सचिवीय मानक एसएस-१ सांगते, की इतिवृत्त पुस्तकात नोंदलेल्या मजकुरात बदल पुढील सभेच्या स्पष्ट मंजुरीनेच होतो. सोसायटीतही हीच रीत सुरक्षित आहे. समजा, ४,५०,००० रुपयांऐवजी ५,४०,००० लिहिले गेले. मग पुढील सभेत मूळ तारीख, ठराव क्रमांक, चुकीचा व योग्य आकडा नमूद करून दुरुस्तीचा ठराव करावा. जुने पान तसेच राहू द्यावे, कारण खाडाखोडीने तेच संशयास्पद ठरते. मात्र निर्णयच बदलायचा असेल, तर ती दुरुस्ती नव्हे, नवा ठराव लागतो. कृपया वरील संदेश पुढे पाठवू नये.