पाव लिटरचा हिशोब

पोटातलं डायलिसिस तसं सोपं आहे. दोन लिटर औषधी पाणी नळीतून पोटात सोडायचं, काही तास आत ठेवायचं, मग काढून टाकायचं आणि नवं सोडायचं. दिवसातून चार वेळा. अवघड आहे ती त्याची वही. वेळ, पाण्याची ताकद, आत किती, बाहेर किती, निघालेलं पाणी कसं दिसलं आणि सकाळचं वजन. आमच्याकडे ती बायको लिहिते. त्यामुळे माझ्या पोटाचं रोज ऑडिट होतं.

निघालेली पिशवी ती ताणकाट्याला लटकवते, रिकाम्या पिशवीचं वजन वजा करते आणि मग तिच्याखाली पेपर धरते. पाण्यातून छापील अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. ती नेमकं राशिभविष्याचं पान धरते, त्यामुळे माझी तपासणी आणि तिचा धनलाभ एकदमच कळतो. पांढरा धागा तरंगला तर तसं लिहायचं. पण अक्षरं धूसर झाली तर पोट दुखो न दुखो, पिशवी न फेकता लगेच डायलिसिस सेंटरला फोन. तो जंतुसंसर्ग असू शकतो. या एका रकान्यात ती विनोद खपवून घेत नाही.

परवा रात्री दहाला १.५ टक्के साखरेची पिशवी सोडली. सकाळी साडेसहाला निघाले १७५० मिली.

"अहो, पाव लिटर कुठे ठेवलंत?"

जणू मी ते उशीखाली लपवलं होतं!

संशयित दोन. पाण्यातली साखर पाणी खेचते, पण रात्रभरात शरीर ती साखरच शोषून घेतं आणि मग पाणीही उलट आत जातं. नाहीतर ते पोटातच अडकलंय. वजन २०० ग्रॅमने वाढलेलं, पण वजनकाटा दोन्ही गुन्ह्यांत तीच साक्ष देतो. वजनाचे नियमही कडक आहेत : पोट रिकामं करून, त्याच लुंगीत, चहाच्या आधी. दोन लिटर आत असताना काट्यावर चढलं की माणूस दोन किलोंनी भारदस्त होतो.

मी म्हटलं, "पुढची पिशवी ४.२५ची जोरकस लावू." ती म्हणाली, "एका आकड्यावर? नर्सबाईंनी ताकद वाढवायला सांगितलंय का?" मग नेहमीची २.५चीच सोडली. एरवी तिच्यातून २२०० निघतात. साडेअकराला निघाले २४५०. म्हणजे मुद्देमाल आतच होता.

"दोन दिवस पोट साफ नाही ना?" तिने विचारलं. आतडी भरली की नळीवर दाब येतो आणि पाणी पुरतं निघत नाही, हे नर्सबाईंनी सांगितलेलं तिला पाठ होतं. ठरवून दिलेलं जुलाबाचं औषध पुढ्यात आलं. शेऱ्यात तिने स्वच्छ अक्षरात 'बद्धकोष्ठ' लिहिलं. ही वही दर महिन्याला तीन डॉक्टर वाचतात.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी कसे आहेत?"

"अधिक दोनशे," ती म्हणाली, "आणि पारदर्शक."