खुलासा: दुभाषी ‘मी’ का म्हणतो

‘कोल्हापुरात दवाखान्यातला दुभाषी स्वतःच पेशंट असल्यासारखा बोलतो, सल्ला विचारला की अंग काढून घेतो.’

बोलतो खरा, पण ती पद्धतच आहे. चिकोडीकडची आजी कानडीत म्हणाली, “दोन दिवस झाले, मी गोळी बंद केली,” तर दुभाष्यानेही “मी गोळी बंद केली” असंच म्हणायचं. “त्या म्हणतात” सुरू झालं की डॉक्टर आजींना सोडून दुभाष्याशीच बोलू लागतात. स्वतःची शंका असेल तर तो “दुभाष्याला शब्द कळला नाही, पुन्हा सांगाल?” असं विचारतो आणि हे दोघांनाही सांगतो.

आजींनी हळूच विचारलं, “बाळा, तू घेतली असतीस का?” हा प्रश्नही जसाच्या तसा डॉक्टरांकडे जातो. तो ऐकून डॉक्टरांनी आजींनाच कारण विचारलं, आणि नेमकं तेव्हाच कळलं, गोळीने चक्कर येत होती. दुभाष्याने स्वतःच “घ्या हो आजी” म्हटलं असतं तर ते तिथंच दडलं असतं.