पायजमा जाळण्याआधी वाचा

परदेशी कॉलेजच्या अर्जातल्या निबंधाची सुरुवात कशी करावी, असं मला दर दिवाळीच्या सुमारास कुणी ना कुणी विचारतं. मी एकच सांगतो: पायजमा जाळा.

थट्टा नाही, याला इतिहास आहे. ब्रिटनमध्ये पदवीचे प्रवेशअर्ज यूकास ही संस्था एकगठ्ठा घेते. २००७ साली तिने ५० हजार अर्जांमधली निवेदनं, म्हणजे 'हाच विषय मला का हवा' हे सांगणारे निबंध, संगणकाकडून एकमेकांशी ताडून घेतली. त्यातल्या २३४ जणांनी आठव्या वाढदिवसाला रसायनांच्या खेळण्याशी प्रयोग करताना पायजमा जाळून त्याला भोक पाडलं होतं आणि त्या भोकातून त्यांना विज्ञानाची आवड लागली होती. १७५ जणांच्या निवेदनात म्हातारे किंवा आजारी आजोबा होते. मानवी शरीराच्या कार्याचं कुतूहल असणारे ३७०. मूळ पायजमा इंटरनेटवरच्या एका नमुना निवेदनातला होता म्हणे. काही का असेना, एका पायजम्यात २३४ मुलं मावली. असं कापड आता मिळत नाही.

तेव्हापासून यूकास प्रत्येक निवेदन संगणकाकडून तपासून घेते, त्यामुळे हुबेहूब उतरवण्यात आता मजा राहिली नाही. पण शब्द बदलून तोच पायजमा शिवायला कुणाची बंदी आहे? अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकच चालणाऱ्या कॉमन अ‍ॅप या अर्जावर तर ६५० शब्दांचा ऐसपैस निबंध मिळतो. त्यात दीडदोनशे शब्द प्रसंगाला दिले तरी कुणी विचारत नाही.

तर प्रसंग निवडताना पहिला नियम: तो आवाजाने सुरू व्हावा. बीप, बीप, बीप. वाचकाने अतिदक्षता विभाग ओळखलाच पाहिजे. मग सुरकुतलेला हात, मग खिडकीबाहेरचा पाऊस. आपण कोण, हे तिसऱ्या परिच्छेदापर्यंत सांगू नका. वाचणाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशीचे कित्येक अर्ज असतात आणि प्रत्येकाला मिळतात मोजकी मिनिटं. ती त्याने तुमच्या आजीची प्रकृती विचारण्यात घालवली, तर निदान तुमच्याविषयी वाईट मत तरी होणार नाही. मतच होणार नाही.

दुसरा नियम: शेवटी 'त्या क्षणी मला उमगलं' हे वाक्य हवंच. उमगलेली गोष्ट जितकी मोठी तितकं उत्तम. चिकाटी, माणुसकी, अपयश ही यशाची पायरी. आणि एक खात्री करून घ्या. आपलं नाव झाकून वर्गातल्या दुसऱ्या कुणाचं लिहिलं, तर निबंध तसाच्या तसा चालला पाहिजे. चालला की समजा, जमलं.

आता हे सगळं धुडकावून लावणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगतो. माझ्या मावसभावाचा मुलगा, साताऱ्याचा. पहिला मसुदा त्याने अगदी माझ्या पद्धतीने केला होता. बीप होता, पाऊस होता, थंडगार पडलेला आजीचा हात होता. २१० शब्द झाले तरी हा स्वतः फक्त एका स्टुलावर बसलेला. मी पाठ थोपटली. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "अहो भाऊजी, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या थापल्या त्यांनी."

मी म्हटलं, वहिनी, भाकऱ्या निबंधात नकोत. पण मुलगा बिथरला. त्याला आठवलं की आजीची पिठाची गिरणी आहे, आणि सुट्टीत तोच ती चालवतो.

कागद पुढे ओढून त्याने जे लिहिलं, ते इतकं घरगुती होतं की मला लाज वाटली. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी गिरणीत रांग लागलेली. त्याने गहू दळले आणि लगेच त्यावर एका काकूंचे वरीचे तांदूळ टाकले. जात्यात आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत मागच्या धान्याचं थोडं पीठ राहतंच. दुसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन हजर. "उपासाला गहू खायला घातलेस रे मेल्या!"

बघा, मृत्यू नाही, विजय नाही. एक डबा आणि एक शिवी. पण पोराला तेवढ्यावरच थांबवेना. त्याने पाठकोऱ्या वहीत लिहून काढलं की कशावर काय दळलं तर गिऱ्हाईक चालवून घेतं. गव्हावर गहू बिनतक्रार, ज्वारीवर बाजरी कुरकुरत, भाजणीवर मात्र कुणीच नाही, कारण धण्याजिऱ्याचा वास पुढच्या दोन डब्यांना येतो. म्हणून उपासाचं सकाळी जातं झाडून सगळ्यात आधी, भाजणी सगळ्यात शेवटी. आठवडाभर हे झकास चाललं. मग भाजणीचा डबा घेऊन सकाळी सातला येणाऱ्या एक बाई चिडल्या. आपला नंबर पहिला, मग पीठ दुपारी का? आणि बाईंचं बरोबर होतं. धान्याची रांग लावली तर पीठ स्वच्छ, पण माणसांची रांग मोडते. माणसांची पाळली तर उलट.

इथे त्याने हद्द केली. काही उमगलंच नाही. 'मी अजून दोन्ही रांगा एकत्र बसवू शकलेलो नाही' असं लिहून तो सरळ निबंधाच्या पुढच्या भागात शिरला: रांगांचं गणित असा विषय खरोखर असतो हे त्याला कसं कळलं आणि त्यातलं त्याने काय काय वाचून पाहिलं. म्हणजे सुरुवातीचा प्रसंग पुढे कामालाही लागला! आपल्याकडे प्रसंग कसा, लग्नातल्या फेट्यासारखा. दारात घालायचा आणि जेवायच्या आधी काढून ठेवायचा.

मी त्याला समजावलं. निदान गिरणीच्या जागी रोबोटिक्सची स्पर्धा घाल. नाहीतर काकूंना वृद्धाश्रमात ने. तो म्हणाला, "काका, मग वरीचं काय करू?" मी गप्प बसलो. वरी खरंच दुसऱ्या कुठल्या निबंधात बसत नव्हती.

यावरून कुणी असा समज करून घेऊ नये की गिरणीत विशेष काही आहे. पुढच्या वर्षी साताऱ्यातल्या चार मुलांनी गिरणीवर निबंध लिहायला घेतले. त्यांतल्या तिघांच्या घरी गिरणी नाही. चौथ्याच्या घरी आहे, पण जातं कधी झाडतात हे त्याला सांगता येईना. तसं पाहिलं तर आजारी आजीवरही लिहिता येतं. पण मग ती औषधाच्या गोळ्या मोजताना पाकिटावर काय लिहायची, कुणाशी भांडायची, तुम्ही नेमकं काय चुकवलंत, असलं सगळं आठवत बसावं लागतं. एवढा व्याप कशाला?

आजी सध्या ठणठणीत आहेत. नातू आपल्याविषयी काय लिहितोय हे कळल्यावर त्यांनी पहिला मसुदा मागवून घेतला, नव्या डोळ्यांनी नीट वाचला आणि विचारलं, "ही कोण बाई मेलीये?"

तो मसुदा आता माझ्याकडे आहे. बीप, पाऊस, हात, सगळं शाबूत. कुणाला हवा असेल तर घेऊन जा. माप घ्यायची गरज नाही.